राउटरला स्विच धरलं की २ आणि ६ येतात

प्रश्न: गेट २०१३ मधला प्रश्न आहे. एस आणि डी यांच्यामध्ये दोन राउटर आहेत. पॅकेट नेटवर्क लेयरला आणि डेटा लिंक लेयरला किती वेळा जातं? माझं उत्तर २ आणि ६, उत्तरतालिकेत ४ आणि ६. मधले डबे तर नुसतं पुढे पाठवतात ना?

उत्तर: तुमचे ६ बरोबर आहेत. नेटवर्क लेयरचे २ आले, कारण मधले दोन्ही डबे तुम्ही स्विच म्हणून मोजलेत. तो पर्यायही बहुधा याच गोंधळासाठी ठेवलेला आहे.

स्विच फ्रेमवरचा मॅक पत्ता वाचतो, कोणत्या पोर्टवर पाठवायची ते ठरवतो आणि फ्रेम आहे तशी पुढे सोडतो. आतला आयपी पत्ता त्याला लागतच नाही. राउटरचं काम इथेच वेगळं पडतं. एसने पाठवलेल्या फ्रेमवर पोहोचण्याचा मॅक पत्ता डीचा नसतो, पहिल्या राउटरचा असतो. राउटर ती फ्रेम उघडतो (डेटा लिंक, एकदा), आतला आयपी पत्ता आपल्या राउटिंग टेबलशी ताडतो आणि टीटीएल एकने कमी करतो (नेटवर्क, एकदा), मग पुढच्या दुव्यासाठी नवे मॅक पत्ते घालून नवी फ्रेम बांधतो (डेटा लिंक, पुन्हा एकदा). म्हणजे प्रत्येक राउटरवर नेटवर्क १, डेटा लिंक २. एस आणि डीवर दोन्ही लेयर एकेकदाच. बेरीज करा: नेटवर्क १+१+१+१ = ४, डेटा लिंक १+२+२+१ = ६.

हा गोंधळ घरातल्या वायफायच्या डब्यामुळे पक्का होतो, असं मला वाटतं. त्याला आपण सगळे राउटर म्हणतो, पण त्यात स्विचही असतो. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत लॅपटॉपवरून त्याच नेटवर्कवरच्या प्रिंटरला पान पाठवलंत, तर डबा स्विचसारखा वागतो आणि टीटीएल तसाच राहतो. तेच पॅकेट इंटरनेटवर निघालं की त्याच डब्यातला राउटर कामाला लागतो.

कॉलेजच्या लॅबमध्ये हे डोळ्यांनी पाहता येतं. डीवर लिनक्स असेल तर टीटीएल सहसा ६४ पासून सुरू होतो. एसवरून डीला पिंग करा:

```
ping 192.168.3.20
```

मध्ये नुसते स्विच असतील, तर कितीही असले तरी उत्तरात `ttl=64` दिसेल. येण्याच्या वाटेवर दोन राउटर असतील तर `ttl=62`.

एक मर्यादा लक्षात ठेवा. बाजारात लेयर ३ स्विचही मिळतात आणि ते दोन नेटवर्कांमध्ये पॅकेट पाठवताना राउटरचंच काम करतात. परीक्षेत मात्र नुसतं ‘स्विच’ लिहिलं असेल तर लेयर २ चाच धरायचा.