लांबचं स्वच्छ दिसतं, मग डोळ्यांमागे का दुखतं?

प्रश्न : माझं वय ४१. ऑफिसात आठ-नऊ तास लॅपटॉपसमोर असतो. दुपारी चारच्या सुमाराला दोन्ही डोळ्यांच्या मागे जड जड दुखायला लागतं, घरी पोहोचेपर्यंत कपाळ धरतं. चष्म्याच्या दुकानात तपासलं, नंबर नाही म्हणाले. निळ्या प्रकाशाचा चष्माही घेतला, काही फरक नाही. सायनस असेल का? मेंदूचा फोटो काढून घेऊ का?

उत्तर : फोटोचं नंतर बघू, आधी घरातली मोजायची टेप काढा. असं का म्हणते, ते सांगायला एका ताईंची गोष्ट सांगावी लागेल. मी डोळ्यांच्या दवाखान्यात समुपदेशनाचं काम करते. तपासणी डॉक्टर आणि ऑप्टोमेट्रिस्ट करतात. पेशंट दिवसभर काय करतो, कुठे बसतो, कोणत्या गोळ्या घेतो, हे निवांत विचारणं माझ्याकडे असतं.

या ताई ४२ वर्षांच्या, एका सीएंच्या ऑफिसात जीएसटीचं काम बघणाऱ्या. तक्रार थेट तुमचीच. सायनस समजून वाफ घेऊन झाली होती, पण नाक वाहणं नाही, चोंदणं नाही, ताप नाही. नाकाची एकही तक्रार नसताना रोज ठरलेल्या वेळी दुखत असेल आणि सुट्टीच्या दिवशी दुखत नसेल, तर मी सायनसकडे जरा संशयाने बघते. त्यांना एक साधी वही करायला सांगितली : कोणत्या दिवशी दुखलं, किती वाजता सुरू झालं, कुठे दुखलं, गोळी घेतली का. महिन्याने वही आली तेव्हा दुखण्याचे दिवस दोन ठिकाणी दाटलेले दिसले. एक ढीग ११ तारखेच्या अलीकडे, दुसरा १८ ते २०. जीएसटीआर-१ आणि थ्री-बी भरायच्या तारखा! त्या स्वतःच हसल्या. दोन रविवारही नोंदवलेले होते, त्यांच्याकडे नंतर येते.

आता टेपचं काम. आमच्याकडे पट्टी लावलेलं साधन असतं, पण हे घरीही जमतं. वर्तमानपत्रातली बारीक छपाई घ्या, चांगल्या उजेडात बसा, एक डोळा तळहाताने झाका (दाबू नका) आणि कागद हळूहळू डोळ्याकडे आणा. अक्षरं फुटून धूसर व्हायला लागली आणि जोर लावूनही जुळेनात, की थांबा. तिथून डोळ्यापर्यंतचं अंतर मोजा. मग दुसरा डोळा. लांबचा चष्मा असेल तर तो लावूनच करा. हे अंतर म्हणजे तुमच्या डोळ्याची जवळची हद्द. ऑप्टोमेट्रीत एक जुना ठोकताळा आहे : तासन्‌तास करायचं काम या हद्दीच्या किमान दुप्पट अंतरावर हवं. त्याहून जवळ आलं, की डोळ्याला आपल्या निम्म्याहून जास्त ताकद सतत लावून ठेवावी लागते.

ताईंची हद्द सकाळी २७ सेंटिमीटर निघाली. म्हणजे स्क्रीन ५४ वर तरी हवा. त्यांच्या ऑफिसातल्या खुर्चीवरून मुलाने मोजून पाठवलं ते अंतर होतं ४२. लॅपटॉप पुढे आणि बिलांच्या फायली मागे, कारण फायली पुढे ठेवल्या तर कीबोर्डपर्यंत हात पोहोचत नाही. संध्याकाळी सहाला पुन्हा हद्द मोजायला लावली, तर ती ३१ वर गेलेली. थकलेला डोळा आणखी मागे सरतो, आणि माणूस मात्र दिसेना म्हणून पुढे वाकतो.

इथे बहुतेक जण विचारतात, "पण मला तर लांबचा बोर्ड अगदी स्वच्छ दिसतो." खरी गोम तिथेच आहे. डोळ्यातल्या भिंगाभोवती एक बारीक स्नायू असतो. जवळचं बघताना तो आवळतो आणि भिंग फुगतं. ज्यांना थोडा प्लस नंबर असतो, त्यांचा हा स्नायू लांबचं बघतानाही काम करत असतो. तरुणपणी ते खपून जातं, कारण भिंग लवचिक असतं. चाळिशीकडे भिंग कडक होत जातं आणि त्याच कामाला जास्त जोर लागतो. भरलेली कळशी क्षणभर उचलणं कुणालाही जमतं, ती दिवसभर कडेवर ठेवली की कंबर बोलते. लांबचा तक्ता वाचायला हा माणूस पहिल्या नंबरात पास होतो, आणि घाईत झालेल्या तपासणीत "नंबर नाही" असं लिहून मिळतं. कधी तर डोळा इतका आवळलेला असतो की मशीन उलट किरकोळ मायनस नंबर दाखवतं. तो चष्मा लावला की दुखणं वाढतं.

म्हणून डॉक्टरांनी ताईंच्या डोळ्यांत स्नायू सैल करणारे थेंब घालून पुन्हा तपासलं. दोन्ही डोळ्यांना +१.०० निघाला. आयुष्यभर चष्मा न लागलेल्या बाईला हे ऐकून धक्काच बसला. "म्हणजे माझे डोळे बिघडले?" बिघडले नव्हते, नंबर लहानपणापासूनच असणार, फक्त तो आतापर्यंत डोळ्याने झाकून घेतला होता.

त्यांना जो चष्मा दिला, तो वाचायचा नव्हता आणि लांबचाही नव्हता. स्क्रीनच्या अंतरासाठी मोजून काढलेला, एकाच नंबरचा, +१.५० चा. तो लावून खिडकीबाहेर बघितलं की किंचित धूसर दिसतं, त्यामुळे स्कूटरवर वापरायचा नाही, हे दोनदा बजावलं. एकाच काचेत लांबचं-जवळचं दोन्ही असलेला चष्मा त्यांनी मागितला होता. पण त्यात स्क्रीनसाठीचा भाग काचेत खाली आणि अरुंद येतो. मग लोक हनुवटी वर करून बसतात, मान धरते, आणि मानेचं दुखणं डोक्यावरून डोळ्यांमागेच येऊन थांबतं. दिवसभर टेबलावर काम असेल तर वेगळा चष्मा बरा, हे माझं मत. नव्या चष्म्याची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. पहिल्या दोन दिवसांत काढून ड्रॉवरमध्ये टाकू नका.

चष्मा तयार होईपर्यंत जे बदल केले, त्यांनीच बराच फरक पडला होता. वेगळा कीबोर्ड घेतला आणि लॅपटॉप दोन बॉक्स फायलींवर चढवून मागे सरकवला. अंतर ६० सेंटिमीटरच्या आसपास आलं, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा जरा खाली. अक्षरं १२५ टक्के मोठी केली. हे केलं नाही तर मागे सरकवण्याचा उपयोग नाही, कारण माणूस पुन्हा पुढे झुकतोच. टेबलावर आडवी पडलेली बिलं उभ्या स्टँडवर स्क्रीनच्या शेजारी, तेवढ्याच अंतरावर लावली. आधी दर बिलाला नजर खाली-वर आणि जवळ-लांब होत होती.

विश्रांतीचं मात्र गमतीशीर निघालं. दर २० मिनिटांनी २० सेकंद किमान २० फुटांवर बघा, हा नियम त्यांना पाठ होता, आणि त्या मधूनमधून थांबतही होत्या. थांबून काय करता, विचारलं, तर म्हणाल्या, "व्हॉट्सॲप बघते." मोबाइल तर ३० सेंटिमीटरवर, म्हणजे लॅपटॉपपेक्षाही जवळ! डोळ्याची सुट्टी म्हणजे लांब बघणं. साधारण सहा मीटरच्या पलीकडे गेलं की तो स्नायू बऱ्यापैकी सैल पडतो. त्यांच्या खिडकीतून समोरच्या मेडिकलची पाटी दिसायची, ती वाचायची असं ठरलं.

तुमच्या निळ्या चष्म्याबद्दल : त्याने अपाय नाही. पण डोळ्यांचा ताण त्याने कमी होतो असं आतापर्यंतच्या चाचण्यांत दिसलेलं नाही. आपलं दुखणं अंतराचं आणि जोराचं आहे, रंगाचं नाही. डोळ्यांत जळजळ, वाळू गेल्यासारखं टोचणं असेल तर ती कोरडेपणाची वेगळी तक्रार. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या फार कमी मिटतो, आणि एसीचा झोत तोंडावर असला की आणखी त्रास. झोत वळवा, मुद्दाम पूर्ण पापणी मिटा, लागलं तर डॉक्टरांना विचारून कृत्रिम अश्रूंचे थेंब घ्या. मेडिकलवाल्याने दिलेले "लाली घालवणारे" थेंब नकोत. काहींत स्टेरॉइड असतं, ते महिनोन्‌महिने घातलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. मध, गुलाबपाणी डोळ्यांत घालू नका. मिटलेल्या डोळ्यांवर गार पाण्याची घडी ठेवायला हरकत नाही.

गोळ्यांचा हिशेब ताईंच्या वहीत सर्वांत वाईट होता : महिन्यात १३ दिवस, कॅफीन मिसळलेली डोकेदुखीची गोळी. अशी मिश्र गोळी महिन्यात १० किंवा जास्त दिवस, आणि साधी पॅरासिटामॉल १५ किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर ती गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. डॉक्टरांनी ती बंद केली. पहिला आठवडा त्यांना कठीण गेला, हे लपवत नाही.

पुढच्या दोन महिन्यांत ११ आणि २० तारखेचे ढीग विरळ झाले. एखादा जड दिवस राहिला, पण गोळीशिवाय निभावला. रविवारचं दुखणं मात्र तसंच. नीट विचारलं तेव्हा कळलं, ते एकाच बाजूला ठोके पडल्यासारखं, मळमळ घेऊन येतं, आणि उजेड नकोसा होतो. ती अर्धशिशी होती, तिचे उपचार त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनी वेगळे सुरू केले. एका डोक्यात दोन डोकेदुख्या असू शकतात, आणि चष्म्याने एकच जाते.

तुमच्या हद्दीची दुप्पट स्क्रीनच्या अंतरापेक्षा बरीच कमी आली, तर कारण कदाचित वेगळं असेल. उदाहरणार्थ, पेनाचं टोक नाकाकडे आणताना १० सेंटिमीटरच्या बाहेरच दोन दिसायला लागलं, तर दोन्ही डोळे आत वळवणं जड जातंय, त्यावर व्यायाम असतात, पण ते तपासून घेऊन करायचे.

मेंदूचा फोटो कधी? झोपेतून दुखण्याने जाग येत असेल, सकाळी उलटीसह दुखत असेल, वाकल्यावर क्षणभर अंधारी येत असेल, एकाची दोन दिसायला लागली असतील, हातापायात अशक्तपणा असेल किंवा आयुष्यात कधी नव्हतं एवढं अचानक दुखलं, तर थांबू नका, फोटोचा निर्णय डॉक्टर घेतील. डोळा लाल, दिव्यांभोवती रंगीत कडी, सोबत मळमळ, असं झालं तर त्याच रात्री डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. प्लस नंबरच्या डोळ्यांत दाब अचानक वाढण्याचा धोका जरा जास्त असतो.

यांपैकी काही नसेल तर याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांची वेळ घ्या आणि "थेंब घालून नंबर बघा" असं स्पष्ट सांगा. जाताना दोन आकडे चिठ्ठीवर न्या : तुमची हद्द, आणि खुर्चीत नेहमीसारखं बसल्यावर डोळा ते स्क्रीन अंतर. घरात कुणाला काचबिंदू असेल तर थेंब घालण्याआधीच सांगा. त्या दिवशी जवळचं धूसर दिसेल, उजेड टोचेल, गाडी चालवता येणार नाही, म्हणून सोबत कुणाला तरी घेऊन जा आणि शक्यतो शनिवारची वेळ घ्या.