नस्ख, सुलुस आणि आपला कित्ता

“कुराणाची छापील प्रत आणि मशिदीतली अक्षरं, दोन्ही अरबीच ना? मग दिसायला एवढी वेगळी का? ‘नस्ख’, ‘सुलुस’, ‘नस्तालीक’ ही नावं वाचली, पण अर्थ लागला नाही. मराठीत यांचे कुणी सगेसोयरे आहेत का?”

सगेसोयरे आहेत, आणि त्यांच्यातला एक तुम्ही शाळेत रोज गिरवलाय. पण सुरुवात ‘नस्ख’पासून करू, कारण त्याच्या नावातच त्याचं काम सांगितलंय. अरबीत ‘नस्ख’ म्हणजे नक्कल करणं, प्रत उतरवणं. आजीबाईचा ‘नुस्खा’ याच धातूतून आला. आधी उतरवून घेतलेली प्रत, मग हकिमानं लिहून दिलेली औषधाची चिठ्ठी, आणि शेवटी ते औषधच. (याच धातूचा ‘रद्द करणं’ असाही अर्थ होतो, तो इथे बाजूला ठेवू.)

कुराण उतरवताना खरी अडचण नुक्त्यांची. अरबीत ब आणि त यांचा आकार एकच असतो. खाली एक टिंब दिलं की ब, वर दोन दिली की त. ऱ्हस्व स्वर तर अक्षरांच्या वर-खाली छोट्या खुणांनीच दाखवायचे. सुरुवातीच्या चर्मपत्रांवरची बरीच कुराणं कूफी वळणात आहेत. हे नाव इराकमधल्या कूफा शहरावरून पडलं. रुंद, कोनदार, ठाम अक्षर, आणि नुक्ते बेताचेच. ज्याला आयत, म्हणजे कुराणातलं वचन, आधीच पाठ आहे, त्याला ते पुरतं. नवख्याला नाही.

दहाव्या शतकात बगदादचा वजीर इब्न मुक्ला याच्या नावावर अक्षर मोजायची रीत आहे. बोरूच्या तिरक्या टोकानं उमटणारं चौकोनी टिंब हे माप. अलिफ, म्हणजे उभ्या दांड्यासारखं पहिलं अक्षर, इतक्या टिंबांचा, त्या उंचीच्या व्यासाचं वर्तुळ, आणि बाकीची अक्षरं त्या हिशोबात. पुढे इब्न अल-बव्वाबनं १०००-१००१ च्या सुमारास बगदादमध्ये नस्खमध्ये लिहिलेलं कुराण आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. अक्षर लहान आणि गोलसर, ओळ सरळ, प्रत्येक खुणेला स्वतःची जागा. वाचताना चूक होऊ नये, हाच नस्खचा धर्म.

याच्या उलट नस्तालीक. नस्ख आणि तालीक यांचा हा जोडशब्द. ‘तालीक’ म्हणजे टांगणं, लोंबवणं, आणि शब्द खरोखरच उजवीकडून डावीकडे उतरत झुलतात. आपला ‘तालुका’ याच धातूचा, एखाद्या ठिकाणाला जोडलेला मुलूख. नस्तालीक कवितेला शोभतं, पण त्या उतारावर सगळ्या स्वरखुणा नेमक्या बसवणं जिकिरीचं. आपल्याकडे छापलेलं उर्दू तर्जुम्याचं कुराण उघडून बघा. मूळ आयत नस्खमध्ये, तिच्याखालचा तर्जुमा नस्तालीकमध्ये. काय पवित्र मूळ आणि काय माणसानं लावलेला अर्थ, हे लिपी न येणाऱ्यालाही डोळ्यांनी कळतं.

आता भिंतीकडे. ‘सुलुस’ म्हणजे एक तृतीयांश. हे नाव का पडलं, याचा एक जुना खुलासा असा, की सर्वांत जाड कलमाची रुंदी घोड्याच्या २४ केसांएवढी मानायची आणि सुलुसचं कलम ८ केसांचं. मला स्वतःला हा खुलासा आवडतो, पण दुसरेही आहेत. सुलुसचा अलिफ साधारण सात टिंबांचा, उंच. उभ्या दांड्यांची रांग पट्टीभर चालते, आणि मधल्या फटींत शब्द एकावर एक रचता येतात. वाचायला हे नस्खपेक्षा अवघड, पण मशिदीत येणारा बहुधा एखाद्या शब्दावरूनच आयत ओळखतो. त्यामुळे इथे खुणांनाही दुसरं काम मिळतं. काही स्वर दाखवतात, तर काही नुसतीच रिकामी जागा भरतात.

इस्तंबूलच्या आयासोफिया मशिदीतल्या आठ गोल चकत्या घ्या. १८४७-४९ च्या डागडुजीच्या वेळी मुस्तफा इज्जत एफेंदीनं त्यांवर अल्लाह, पैगंबर, चार खलिफा, हसन आणि हुसेन यांची नावं लिहिली. प्रत्येकीचा व्यास सुमारे साडेसात मीटर. एवढं अक्षर हातानं थेट लिहिता येत नाही. उस्मानी रीत अशी, की आधी कागदावर लहान लिहायचं, चौकटी आखून मोठं करायचं, कडेनं सुईनं भोकं पाडायची आणि त्यांतून कोळशाची पूड झटकून आकार खाली उतरवायचा. रांगोळीचा छाप आठवतो ना, तसंच.

राहिला शाळेतला सोयरा. अरबी ‘कित्आ’ म्हणजे तुकडा, आणि खुशनवीसांच्या बोलीत सुलेखनाचा एक सुटा कागद. उस्ताद ओळ लिहून देई, शागीर्द तिच्याखाली तीच काढी, आणि उस्ताद त्याच्या अक्षराखाली दुरुस्ती दाखवी. तोच आपला कित्ता.