सवलतीचे तिकीट असेल, तर खिडकीच बरी

प्रश्न : ऑनलाइन सगळं मिळत असताना स्टेशनच्या खिडकीवर फॉर्म भरून रांगेत उभं राहण्यात काही अर्थ आहे का?

आहे, आणि तो मला वडिलांच्या आजारपणात कळला. आम्ही धामणगावजवळच्या खेड्यात राहतो. बाबांना कर्करोगाच्या तपासणीसाठी वरचेवर मुंबईला न्यावे लागे. पहिल्या वेळी पुण्यातल्या धाकट्या भावाने स्लीपरची दोन तिकिटे पूर्ण भाडे भरून ऑनलाइन काढली. ती प्रतीक्षा यादीत होती. चार्ट लागला तेव्हा दोन्ही तशीच राहिली आणि आपोआप रद्द झाली. पैसे परत आले, पण तपासणीची तारीख हुकली.

पुढच्या वेळी मी खिडकीवर गेलो. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येताना स्लीपर आणि थ्री-एसीच्या मूळ भाड्यात पूर्ण सूट मिळते आणि सोबतच्या एका माणसाला 75 टक्के. आरक्षण शुल्क व सुपरफास्टचा अधिभार मात्र भरावाच लागतो. त्यासाठी रुग्णालयाचे रेल्वेच्या ठरावीक नमुन्यातले, सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र खिडकीवर दाखवावे लागते. आमच्या प्रमाणपत्रावर धामणगावऐवजी नागपूर लिहिलेले होते. खिडकीवरच्या बाईंनी ते बोट ठेवून दाखवले आणि फॉर्म परत केला. चूक रुग्णालयाच्या कारकुनाची होती, पण दुरुस्तीसाठी आठवडा गेला. म्हणून प्रमाणपत्र हातात पडताच त्यावरची दोन्ही स्थानकांची नावे तिथेच वाचून घ्यावीत, आणि मूळ प्रतीसोबत झेरॉक्सही न्यावी.

फॉर्म घरीच भरून न्यावा. गाडीचा क्रमांक, तारीख, वर्ग, प्रत्येकाचे वय आणि मोबाइल क्रमांक स्पष्ट लिहावा. सवलतीचा रकाना हमखास रिकामा राहतो, आणि लोअर बर्थ हवा असेल तर तोही तिथेच मागावा. एका फॉर्मवर सहा प्रवासी बसतात. स्लीपरचे तत्काळ 11 वाजता सुरू होते, तेव्हा खिडकीपाशी उभे राहायला जागा नसते. आमच्यासारख्यांनी साडेअकरानंतर जावे, मात्र दुपारी पाळी बदलण्याची वेळ टाळावी. 60 दिवस आधीचे आरक्षण उघडताच हवे असेल, तर सकाळी 8 च्या आत रांगेत उभे राहण्याला पर्याय नाही.

भाऊ अजूनही म्हणतो की खिडकी म्हणजे मागासलेपणा. ज्याला सवलत नको आणि ज्याची जागा पक्की होते, त्याने खुशाल ऑनलाइन काढावे. पण आजारी माणसाचे पूर्ण भाडे भरून टाकणे याला मी सोय म्हणत नाही.

एक गोष्ट राहिली. तत्काळमध्ये ही सवलत मिळत नाही. खिडकीचे तिकीट प्रतीक्षेतच राहिले तर ते आपोआप रद्द होत नाही. गाडी सुटण्याच्या 30 मिनिटे आधीपर्यंत ते रद्द करावे लागते. अशा तिकिटावर स्लीपरच्या डब्यात बसता येत नाही. मीही बाबांना घेऊन तसा कधी चढलो नाही.