शून्याच्या वर गेलं तरी ‘डिपोलरायझेशन’च का?

“मी अंधेरीला अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेते. पुस्तक इंग्रजी असलं तरी मुलं मराठी माध्यमातली आहेत, म्हणून अ‍ॅक्शन पोटेन्शियलचा ग्राफ मराठीतून समजावते. ‘डिपोलरायझेशन’ म्हणजे ध्रुवण नाहीसं होणं ना? मग रेघ शून्याच्या वर गेल्यावरही तेच नाव कसं? ‘ओव्हरशूट’ला ‘मर्यादा ओलांडणे’ चालेल का? आणि ‘रिफ्रॅक्टरी पिरियड’ला मी ‘विश्रांतिकाळ’ म्हणते, ते बरोबर आहे का?”

पहिली शंका अगदी रास्त आहे. शब्दाचा अर्थ काटेकोर धरला तर डिपोलरायझेशन शून्यावर संपतं.

चेतातंतूच्या पटलाची आतली बाजू ऋण आणि बाहेरची धन, असे दोन ध्रुव एरवी समोरासमोर उभे असतात. निवडणुकीत ‘मतांचं ध्रुवीकरण’ म्हणतो तेव्हाही दोन टोकं लांब गेली एवढंच म्हणायचं असतं. ही तफावत कमी होणं म्हणजे डिपोलरायझेशन. परिभाषेत त्याला ‘विध्रुवण’ म्हणतात. मुलांना मी ‘ध्रुवण उतरणं’ असं सांगतो, कारण ‘वि’ या उपसर्गाचा त्यांना काहीच बोध होत नाही. मात्र एक अडचण आहे: ध्रुवण उतरतं तेव्हा आलेखातली रेघ वर चढते. ही विसंगती पहिल्याच दिवशी फळ्यावर बोलून दाखवावी. नाहीतर ‘हायपर’ म्हणजे वर असं धरून मुलं हायपरपोलरायझेशन आलेखाच्या माथ्यावर काढतात, आणि ते असतं तळाला.

आता आकडे घेऊन रेघ चालून पाहू. तंतू शांत असताना आतला दाब उणे ७० मिलिव्होल्ट. (विभवाला ‘दाब’ म्हणण्याची सवय आमच्या लॅबमधल्या वायरमनकडून लागली.) हे उणे ७० कशाच्या तुलनेत? तंतूबाहेरच्या द्रवाला आपण शून्य म्हणतो, त्याच्या तुलनेत. शून्य हे नेहमी कुणीतरी ठरवलेलं असतं. पावसाळ्यात मुंबईच्या पेपरात ‘साडेचार मीटरची भरती’ छापून येते, म्हणजे चौपाटीवर साडेचार मीटर पाणी चढतं असं नाही. नेहमीच्या सगळ्यांत खोल ओहोटीच्या आसपासची पातळी शून्य धरून ते मोजमाप असतं. इथेही तसंच.

उत्तेजन मिळालं की रेघ सावकाश चढते. उणे ५५ च्या आसपास तिचा उंबरठा लागतो आणि तिथून सोडियमची दारं एकामागून एक उघडत जातात. बाहेरचं सोडियम आत घुसतं आणि रेघ सरळ उभी वर जाते. शून्यावर पोचते तेव्हा आतबाहेर तफावत उरलेली नसते, म्हणजे ध्रुवण पुरतं उतरलेलं असतं. पण ती तिथे थांबत नाही, अधिक ३५ पर्यंत जाते. आता आतली बाजू धन आणि बाहेरची ऋण. हे ध्रुवण उतरणं नव्हे, हे ध्रुवण उलटणं. एकूण उंची १०५ मिलिव्होल्ट, त्यातले ७० उतरण्याचे आणि ३५ उलटण्याचे. पुस्तकं चढणीच्या अख्ख्या रेघेला डिपोलरायझेशन म्हणतात ते दिशेवरून. भाषेच्या दृष्टीने ते सैल आहे, पण इतकं रुळलंय की त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. मुलांनी परीक्षेत तेच लिहावं, फक्त शून्याची आडवी रेघ ठळक काढून.

शून्याच्या वरच्या त्या ३५ ला ओव्हरशूट म्हणतात. ‘मर्यादा ओलांडणे’ मला पटत नाही, कारण त्यात काहीतरी गैर घडल्याचा सूर आहे आणि तंतूच्या बाजूने काहीच गैर घडलेलं नाही. ओलांडली गेली ती माणसांची अपेक्षा. १९०२ मध्ये युलियुस बर्नस्टाइन यांनी मांडलं होतं की शांत पटलातून मुख्यतः पोटॅशियमच ये-जा करू शकतं, आणि आवेग, म्हणजे अ‍ॅक्शन पोटेन्शियल, येतो तेव्हा पटलाची ही निवड क्षणभर ढासळून सगळेच आयन वाट्टेल तसे जाऊ लागतात. तसं असेल तर तफावत मिटून रेघ शून्यापर्यंत यावी, वर जायला कारणच नाही. बराच काळ हेच गृहीत होतं, कारण तंतूच्या आत तार घालून मोजण्याची सोय नव्हती.

१९३९ च्या उन्हाळ्यात अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी इंग्लंडमधल्या प्लिमथला ती सोय केली. त्यांनी स्क्विड घेतला. आपल्या कोळणी ज्याला माकूळ म्हणतात, त्याच कुळातला. त्याचा एक चेतातंतू जवळपास अर्धा मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे त्यात सुमारे ०.१ मिलिमीटरची काचेची नळी लांबीच्या दिशेने सरकवता आली. रेघ उणे ४५ च्या आसपास सुरू झाली आणि शून्य ओलांडून अधिक ४० पर्यंत गेली. ती शून्यावर थांबायला हवी होती, म्हणून ‘ओव्हर’. मग युद्ध सुरू झालं आणि काम काही वर्षं पडून राहिलं.

उलगडा १९४९ मध्ये हॉजकिन आणि बर्नार्ड कॅट्झ यांनी केला, आणि तो कागदावर करून पाहण्यासारखा आहे. दारं उघडून फक्त सोडियमच जाऊ लागलं तर रेघ कुठवर चढेल? बाहेर सोडियम आतल्यापेक्षा किती पट आहे, यावर ते ठरतं. दर दहा पटींमागे साधारण ५८ मिलिव्होल्ट, असा साध्या तापमानाचा हिशेब. स्क्विडच्या बाहेर सोडियम ४४० एकक आणि आत ५० धरलं तर पट ८.८ आणि उत्तर अधिक ५५. हे झालं छत. रेघ त्याला टेकत नाही, कारण तोवर सोडियमची दारं बंद होऊ लागतात आणि पोटॅशियम बाहेर पडू लागतं. आता बाहेरचं सोडियम निम्मं करा: पट ४.४, छत अधिक ३७. छत १७-१८ मिलिव्होल्टने खाली आलं, तर शिखरही तेवढंच खाली यायला हवं. त्यांनी समुद्राच्या पाण्यातलं सोडियम कमी करत नेलं, तेव्हा शिखर साधारण या हिशेबाप्रमाणेच उतरत गेलं. सुरुवातीची शांत पातळी मात्र जवळपास जागची हलली नाही. म्हणजे शिखर सोडियमच्या हातात आणि शांत पातळी मुख्यतः पोटॅशियमच्या. एवढं कळल्यावर ओव्हरशूटला मी ‘शून्यापारची उसळी’ म्हणतो. जरा लांबट आहे, पण शून्याची रेघ नावातच येते.

त्या रेघेचं महत्त्व मला लॅबमध्ये कळलं. मी मुंबईत बरीच वर्षं शरीरक्रियाशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली. एका वर्षी निम्म्या जर्नलमध्ये ‘ओव्हरशूट : १०० मिलिव्होल्ट’ असा आकडा आला. मुलांनी नक्कल केली असेल म्हणून मी चिडलो, आणि मग लक्षात आलं की चूक मीच दिलेल्या संगणक-प्रतिरूपात होती. हॉजकिन-हक्सली यांनी १९५२ च्या शोधनिबंधात शांत पातळीलाच शून्य धरलं होतं. जुनी प्रतिरूपं तीच रीत पाळतात, त्यामुळे रेघ शून्यावरून निघते आणि शंभराच्या आसपास जाते. तिथे शून्याच्या वर आहे ते सगळं ओव्हरशूट नाही. त्यातले पहिले साठ-सत्तर नुसतं ध्रुवण उतरण्याचे. बेडकाच्या मांडीतल्या चेतातंतूंच्या जुडग्यावर बाहेरून तारा टेकवून घेतलेल्या आलेखाचंही असंच. तोही शून्यावरून निघतो, पण त्यात शांत पातळी मोजलेलीच नसते. म्हणून ओव्हरशूट सांगण्याआधी रेघेचं डावं टोक कुठे आहे ते पाहायचं. शून्यावर असेल तर त्या चित्रातून ओव्हरशूट थेट वाचता येत नाही.

राहिला ‘विश्रांतिकाळ’. हा मात्र सोडाच. ‘रेस्टिंग’ला आपण विश्रांती म्हणून बसलोच आहोत, दोन्हीकडे एकच शब्द आला की मुलं उणे ७० च्या सपाट रेघेवर ‘रिफ्रॅक्टरी’ लिहून मोकळी होतात. अर्थानेही तो चुकीचा आहे. ‘रिफ्रॅक्टरी’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ हट्टी, ऐकत नाही असा. भट्टीच्या विटांना रिफ्रॅक्टरी म्हणतात तेही त्या आगीला बधत नाहीत म्हणूनच. तंतूही या काळात दमलेला नसतो. आवेगानंतर पटलातला सोडियम-पोटॅशियम पंप आयन परत जागेवर नेत असतो, म्हणून वेळ लागतो, असा समज फार पसरलेला आहे. पण एका आवेगात इतके थोडे आयन हलतात की जाड तंतूच्या आतलं प्रमाण जवळपास बदलत नाही, आणि पंप औषधाने बंद पाडला तरी स्क्विडचा तंतू पुढे पुष्कळ आवेग देत राहतो.

खरं कारण सोडियमच्या दारात आहे. शांत असताना दार नुसतं लोटलेलं असतं, धक्का दिला की उघडतं. उघडल्यावर मिलिसेकंदाच्या आत ते पुन्हा बंद होतं, आणि या वेळी आतून कडी लागते. रेघ खाली उतरून काही काळ जाईपर्यंत कडी निघत नाही, मग धक्का कितीही जोराचा असो. याला मी ‘दाद न देण्याचा काळ’ म्हणतो. पूर्ण दाद न देण्याचा काळ साधारण एक मिलिसेकंदाचा. त्यापुढचे काही मिलिसेकंद अर्धवट: काही दारांच्या कड्या निघालेल्या, पण पोटॅशियमची दारं अजून उघडी, आणि रेघ शांत पातळीच्याही खाली गेलेली.

हा काळ एका आवेगाच्या रेघेत दिसत नाही. म्हणून फळ्यावर एकाऐवजी दोन धक्क्यांचं चित्र काढा. दुसरा धक्का दहा मिलिसेकंदांनी दिला तर दोन सारखी शिखरं. तीन मिलिसेकंदांनी दिला तर नेहमीचा धक्का पुरत नाही. जोर वाढवला की दुसरं शिखर येतं, पण बुटकं. अर्ध्या मिलिसेकंदाने दिला तर फक्त पहिलंच शिखर, दुसऱ्या धक्क्याचा जोर कितीही वाढवा. ‘रिफ्रॅक्टरी’ हा शब्द वेळेच्या अक्षाखाली आडवी पट्टी काढून तिच्यावर लिहा, रेघेच्या कुठल्याही वळणावर नको.