पाच-सहा फिल्टर एकत्र लावले की सर्च अडतो, बिटमॅपने सुटेल का?

«आमच्या सर्चमध्ये एका वेळी पाच-सहा फिल्टर लागले की उत्तर यायला वेळ लागतो. पोस्टिंग लिस्टच ठेवू की बिटमॅप वापरू?»

तुमचा सगळ्यात लहान फिल्टर किती लहान आहे, ते आधी बघा. सगळं त्यावर ठरतं.

मी कोल्हापुरात, उद्यमनगरच्या सुट्या भागांच्या कॅटलॉगवर काम करतो. समजा २० लाख नोंदी आहेत. «स्टॉकमध्ये» १२ लाख, «मेट्रिक» ९ लाख, «स्टील» ४ लाख. पोस्टिंग लिस्टवर छेद काढताना स्टीलच्या चारही लाख नोंदी चालत जाव्या लागतात. बाकीच्या दोन याद्यांत उड्या मारायला जागाच मिळत नाही, कारण नोंदी दाट आहेत. जवळजवळ प्रत्येक ब्लॉक उघडावा लागतो.

रोअरिंग बिटमॅप नोंदींचे ६५,५३६ चे तुकडे पाडतो. आपले झाले ३१. तुकड्यात ४०९६ पर्यंत नोंदी असतील तर तो दोन-दोन बाइटची साधी यादी ठेवतो, जास्त असतील तर ८ केबीचा बिटमॅप. ४०९६ हाच आकडा का? तेवढ्या नोंदींची यादीही बरोबर ८ केबीच भरते. बिटमॅपच्या एका तुकड्यात ६४ बिटांचे १०२४ शब्द. म्हणजे आपले तीन फिल्टर जोडायला दोन AND, साधारण ६३ हजार शब्दांचं काम, आणि तेही एका सरळ रेषेत, प्रोसेसरला आवडेल असं.

आता त्यात «अमुक पंपाचे भाग» हा ३०० नोंदींचा फिल्टर घाला. इथे तीन दाट बिटमॅप आधी आपसात जोडणं म्हणजे फुकटची मेहनत. त्या ३०० नोंदी पुढे घ्या आणि प्रत्येकीसाठी बाकीच्या तिघांत बिट आहे का एवढंच विचारा. पोस्टिंग लिस्टही इथे उड्या मारत छान पळते.

आम्ही हीच चूक केली होती: प्रत्येक फिल्टरचा बिटमॅप कॅशमध्ये. दुर्मीळ फिल्टरांनी कॅश भरली आणि «स्टॉकमध्ये» सारखे रोजचे बाहेर ढकलले गेले. हिट रेट पडलेला दिसला तेव्हा कळलं. आता दाट आणि वारंवार लागणारेच ठेवतो.

अजून एक. नोंदी मटेरियलनुसार लावून मग क्रमांक दिले तर स्टीलचे चार लाख सलग येतात आणि सात-आठ तुकड्यांत मावतात. पण रोअरिंगच्या जावा लायब्ररीत एकेक नोंद घालून बिटमॅप बनवला, तर सलग पट्टे आपोआप होत नाहीत, सांगावं लागतं:

```java
System.out.println(steel.getSizeInBytes());
steel.runOptimize();
System.out.println(steel.getSizeInBytes());
```

पहिला आकडा साठ हजारांच्या आसपास, दुसरा फार तर काहीशे बाइट. दोन्ही सारखेच आले तर क्रमवारी लागलेलीच नाही, असं समजा.

पोस्टिंग लिस्ट मात्र काढून टाकू नका. शब्द किती वेळा आला, कुठे आला, हे बिटमॅपला माहीत नसतं. निकालांचा क्रम लावायला त्याच लागतात.