चॅनेलचा विषय किती बारीक करावा?

प्रश्न : मी बारा वर्षं ब्लाउज, ड्रेस, लहान मुलांचे कपडे सगळं शिवते. यूट्यूबवर चॅनेल सुरू करायचं आहे. मला सगळंच येतं, मग नेमका कोणता विषय धरू? (सांगोला)

आधी एक आठवून बघा. गेल्या वर्षभरात दुसऱ्या शिवणाऱ्या बायका तुमच्याकडे काय विचारायला आल्या? गिऱ्हाईक कपडा शिवायला आणतं, ते वेगळं. मी म्हणतोय ती हातात फसलेला ब्लाउज घेऊन येणारी शेजारीण, ‘वहिनी, हे असं का झालं ते बघा ना’ म्हणणारी. ज्या कामासाठी त्या कामातलीच माणसं तुमच्याकडे येतात, तिथे तुमचा हात खरा बसलेला आहे. तुमच्या पत्रावरून वाटतं की ते काम ब्लाउजच्या फिटिंगचं असावं. पुढचं सगळं तेच धरून सांगतो.

आता प्रश्न गोळा करा. मोबाईलवर गुप्त विंडो उघडा, म्हणजे तुमच्या जुन्या शोधांचा परिणाम येणार नाही. यूट्यूबच्या शोधपट्टीत अर्धं वाक्य टाका आणि खाली काय सुचवलं जातं ते वहीत उतरवा. हे देवनागरीत करा आणि रोमन लिपीतही करा, कारण आपल्याकडे पुष्कळ जण `blouse cha gala` असंच टाइप करतात. त्यानंतर ब्लाउज शिवण्याचे सात-आठ मोठे व्हिडिओ काढा. हिंदी असले तरी चालतील. त्यांच्या प्रतिक्रिया ‘नवीन आधी’ अशा लावून वाचा. ‘खूप छान ताई’ सोडून द्या आणि ज्यात अडचण आहे तेवढ्याच लिहून घ्या, विचारणारीच्याच शब्दांत. ‘नेकलाइनमधील सैलपणा’ असं कुणी लिहीत नाही. ‘गळा पुढून पडतो’, ‘खांदा उतरतो’, ‘हात वर केला की ब्लाउज वर जातो’, ‘मुंढ्यात चुण्या येतात’ असं लिहितात. हेच पुढे तुमचे मथळे होतील.

साठ-सत्तर प्रश्न जमले की एकसारखे एकत्र करा, आणि ज्या गटात जास्त प्रश्न असतील तो प्रश्न पुन्हा शोधून पहिले पाच व्हिडिओ शेवटपर्यंत बघा. उत्तर मिळतं का? की नवा ब्लाउज कापायला शिकवून व्हिडिओ संपतो आणि बिघडलेल्याचं काय करायचं ते राहूनच जातं? त्याच व्हिडिओखाली ‘असंच केलं तरी गळा पडतोय’ अशा तक्रारी पुन्हापुन्हा दिसल्या, तर तिथे जागा आहे असं समजा. एखाद्या प्रश्नावर एकही व्हिडिओ नसेल तर मात्र लगेच हुरळून जाऊ नका. तो प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला जात असेल, किंवा तो कुणाला पडतच नसेल.

तुमचं ज्ञान पुरेसं आहे का, हे तपासायला मी एक चाचणी लावतो : दुसरं उत्तर तयार आहे का? ‘गळा पडतो’ याला पहिलं उत्तर कुणीही देईल, की गळा रुंद कापला गेला. पण समोरची म्हणाली, ‘माप बरोबर आहे, तरी पडतो,’ तर? गळ्याची कड उरेब असते, हाताळताना ती ताणली जाते, म्हणून पट्टी किंचित ओढून लावावी लागते, हे तुम्ही सांगाल. ती म्हणाली, ‘तेही केलं.’ मग मागचा गळा खोल आहे का, खांद्याचं माप नेहमीचंच घेतलं का, हे तुम्ही विचाराल. कारण मागून खोल गळा असेल तर खांदा कमी घ्यावा लागतो. असे तीन थर खाली जाता येणं म्हणजे हातातलं ज्ञान. हात वर केला की ब्लाउज वर चढतो, तेव्हा नवशिकी मुंढा आणखी खोल करते आणि दोष वाढतो, हेही बारा वर्षं शिवणाऱ्या बाईला माहीत असतं. लहान मुलांच्या कपड्यांबद्दल तुम्ही इतक्या खाली जाऊ शकता का? नसाल, तर ते आता बाजूला ठेवा.

म्हणजे ‘शिवणकाम’ नको. ‘ब्लाउज’ही अजून मोठा आहे. ‘अस्तराचा ब्लाउज शिवून झाल्यावर बिघडलेलं फिटिंग’ इथपर्यंत या आणि प्रेक्षकही ठरवा : शिवणाचा क्लास केलेली, घरी मशीन असलेली, शेजारपाजारची पहिली कामं घेऊ लागलेली बाई. तिचं गिऱ्हाईक ब्लाउज परत घेऊन आलंय आणि लग्न परवावर आहे. ती शोधेल, शेवटपर्यंत बघेल आणि पुढच्या दोषाला परत येईल. विषय वस्तूवरून बारीक करण्यापेक्षा माणूस आणि त्याची अडचण यांवरून बारीक केला तर तो जास्त टिकतो, असा माझा अनुभव आहे. कटोरीची फॅशन गेली आणि प्रिन्सेस कट आला, तरी गळा पडायचा थांबत नाही.

प्रश्न : आमची पाच एकर द्राक्षबाग आहे. द्राक्षावरच चॅनेल काढावं असं वाटतं, पण वीस व्हिडिओंत विषय संपेल आणि दर वर्षी तेच सांगावं लागेल. शेतीवर सर्वसाधारण चॅनेल काढू का? (निफाड)

सर्वसाधारण नको. तुमच्या बागेतला माणूस कांद्यावर बोलू लागला की द्राक्षवाला दुसरीकडे जातो आणि कांदेवाला येत नाही.

विषय संपेल का, हे कागदावर कळतं. एका बैठकीत, काहीही न शोधता, व्हिडिओंचे मथळे लिहायला बसा. तिसाव्याच्या आसपास हात थांबला तर विषय फार बारीक आहे, किंवा तो तुमचा नाही. चाळीस झाले आणि तुम्ही अजून लिहिताय, तर पहिली दोन वर्षं निघतील. एप्रिलची खरड छाटणी, सबकेन, पानांची संख्या, ऑक्टोबरची फळछाटणी, पोंग्यात आलेला पाऊस, फुलोऱ्यातली गळकुज, घड जिरणं, विरळणी... नुसत्या ‘घड का जिरला’ यावरच चार वेगळे व्हिडिओ होतात, कारण त्याची मुळं सहा महिने मागे खरड छाटणीनंतरच्या काडीत असतात.

‘दर वर्षी तेच’ याची तुम्हाला भीती वाटते, मला मात्र तोच या विषयाचा आधार वाटतो. छाटणी तीच, पण यंदा एप्रिलमध्ये ऊन जास्त, पुढल्या वर्षी ऑक्टोबरात पाऊस लांबलेला. प्रश्नाचं मूळ तेच आणि उत्तर त्या हंगामाचं. त्यामुळे मागच्या वर्षीचा व्हिडिओ दर छाटणीला पुन्हा शोधला जातो आणि नव्याचीही गरज उरते. गूगल ट्रेंड्समध्ये ‘यूट्यूब शोध’ हा पर्याय आणि महाराष्ट्र निवडून नुसतं ‘द्राक्ष’ टाकून पाहा आणि वर्षातले चढ-उतार कुठे येतात ते टिपून घ्या. बारीक शब्दांना तिथे बहुधा ‘पुरेशी माहिती नाही’ असं येतं. त्यावरून मागणी नाही असा निष्कर्ष काढू नका. मराठीतल्या बारीक शब्दांचे शोध त्या मोजपट्टीत सहसा बसत नाहीत.

कुणी ‘फक्त नवीन बाग, पहिली दोन वर्षं’ असा विषय सुचवेल : जानेवारी-फेब्रुवारीत डॉगरिजची लागवड, पावसाळ्याच्या शेवटी कलम, मग रिकट आणि ओलांडे. विषय सुरेख आहे, पण प्रेक्षक दोन वर्षांत पुढे निघून जातो आणि दर वर्षी नवा शोधावा लागतो. त्यामुळे तुमचा विषय ‘छाटणी आणि काडी’ हा ठेवावा असं मी म्हणेन. बाग आहे तोवर तो माणूस तुमचा आहे.

एक मर्यादा मात्र पहिल्या व्हिडिओपासून पाळा. तुमचा अनुभव एका जमिनीचा आणि एका पाण्याचा आहे. व्हिडिओत जमीन, वाण, खुंट आणि छाटणीची तारीख सांगत चला. फवारणीच्या मात्रा सांगू नका. औषधाचं प्रमाण आणि काढणीआधी थांबायचे दिवस यांत चूक झाली तर दुसऱ्याचा निर्यातीचा माल अडतो. त्यासाठी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशींकडे बोट दाखवा.

प्रश्न : मी तीन वर्षं एमपीएससीची तयारी करतोय, निवड अजून झालेली नाही. अभ्यास कसा करावा यावर चॅनेल काढलं तर चालेल का? (पुणे)

अभ्यासाच्या पद्धतीवर नको. दुसऱ्या उत्तराची चाचणी तिथे तुमच्या विरोधात जाते : ‘असा अभ्यास करून तुमचं काय झालं?’ हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. पण तीन वर्षांत एखादा घटक असा असेल की खोलीवरची मुलं तो तुमच्याकडून समजून घेतात. समजा, बुद्धिमत्ता चाचणीतले बैठकव्यवस्थेचे प्रश्न. तेवढाच घ्या. तो शिकवायला निवड झालेली असण्याची गरज नाही, प्रश्न बरोबर सुटला की पुरे. स्वतःची परीक्षा दोन महिन्यांवर असताना मात्र सुरुवात करू नका.

प्रश्न : विषय बारीक निवडला, सहा व्हिडिओ टाकले, प्रत्येकाला चाळीस-पन्नास व्ह्यूज. निवड चुकली की धीर धरू? बारीक विषयात पैसे तरी मिळतात का? (लातूर)

सहा व्हिडिओंवरून निवड ठरवता येत नाही, आणि चाळीस व्ह्यूजवरचे टक्के पाहण्यात अर्थ नाही. त्यातले दहा तुमच्या घरचे असतात. दोन गोष्टी मात्र आत्ताही दिसतात. यूट्यूब स्टुडिओच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये प्रेक्षक कुठून आले हे पाहा आणि `YouTube search` उघडा. तिथे लोकांनी टाइप केलेले शब्द दिसतात. ते तुमच्या वहीतल्या प्रश्नांशी जुळत असतील, तर माणसं थोडी असली तरी बरोबर आहेत. शब्द भलतेच असतील, तर मथळा तुमच्या भाषेत आहे, त्यांच्या नाही. दुसरं, अनोळखी माणसाने पुढचा प्रश्न विचारलाय का? ‘छान’पेक्षा ‘पण माझं असं होतंय’ ही एक प्रतिक्रिया मला जास्त काही सांगते.

पंधरा व्हिडिओंनंतर पुन्हा पाहा. शोधातून कुणीच येत नसेल, तर प्रश्न चुकले. येतात पण पहिल्या अर्ध्या मिनिटात जातात, तर विषय ठीक आहे, उत्तराला उशीर होतोय. दोन्ही ठीक असून तुम्हालाच सोळावा व्हिडिओ करायचा कंटाळा आला असेल, तर विषय तुमचा नाही, आणि हे कारणही पहिल्या दोन इतकंच खरं आहे.

पैशांचं गणित मांडून बघा. जाहिरातींचा वाटा मिळायला 1,000 सदस्य आणि गेल्या 12 महिन्यांत 4,000 तास पाहिलं जाणं लागतं (शॉर्ट्सची अट वेगळी). 4,000 तास म्हणजे 2,40,000 मिनिटं. माणूस सरासरी 4 मिनिटं थांबला तर 60,000 व्ह्यूज. तुमचे 40 व्हिडिओ असतील तर वर्षभरात प्रत्येकी 1,500, म्हणजे रोज चार. शोधातून वर्षानुवर्षं बघितल्या जाणाऱ्या व्हिडिओला रोज चार हा आकडा अशक्य नाही. पण मराठीतल्या बारीक विषयात जाहिरातीवर घर चालेल असं मी सांगणार नाही. ब्लाउजवाल्या ताईंकडे कापलेले नमुने मागायला लोक येतील, बागायतदाराकडे शिवारफेरीला येतील. तुमच्या विषयात माणूस व्हिडिओ बघून झाल्यावर तुमच्याकडे काय मागेल, हे आज लिहून ठेवा आणि पंधराव्या व्हिडिओनंतर प्रतिक्रियांमध्ये ते कुणी मागितलं का ते शोधा.