दुकानाचं झोपलेलं पेज: पहिली पोस्ट आणि पावसाआधीचा महिना

प्रश्न: आमचं हार्डवेअरचं दुकान १९८७ पासून आहे, कोकणात तालुक्याच्या गावी. फेसबुक पेजवर २०२० नंतर काहीच टाकलेलं नाही. बाबा दुकानात, मी पुण्यात. मे महिन्यात परत सुरू करायचंय. पहिली पोस्ट काय टाकू आणि महिनाभर काय टाकत राहू?

उत्तर:

पोस्ट राहू दे, आधी पेजवरचा फोन नंबर बघा. इतकी वर्षं न उघडलेल्या पेजवर हमखास बंद पडलेली लँडलाइन किंवा सोडून गेलेल्या कामगाराचा मोबाइल असतो. नवी पोस्ट बघून फोन करणारं पहिलंच गिऱ्हाईक तिथून परत जातं, आणि पुन्हा फिरकत नाही. नंबर काउंटरवरच्या फोनचा हवा, तुमचा पुण्यातला नको. त्याच फोनवर WhatsApp Business घ्या आणि पेजवरचं बटण त्यालाच जोडा.

मग Settings मध्ये Page access उघडून पेज कुणाच्या नावावर आहे ते तपासा. ज्या भाच्याने किंवा मुलाने तेव्हा पेज काढून दिलं, त्याच्याच खात्यावर ते अडकलेलं असतं. त्याच्याकडून Full control दोघांकडे घ्या: तुमच्याकडे आणि गावातल्या घरच्या कुणाकडे तरी. एकाचं खातं बंद पडलं तर पेज जात नाही. जुनं हाती येत असेल तर नवं पेज मुळीच काढू नका. जुन्यावरचे फॉलोअर आणि लोकांनी लिहिलेले अभिप्राय नव्यावर आपोआप येत नाहीत, आणि लोक शोधतात तेव्हा एकाच दुकानाची दोन पेजं समोर येतात.

२०१९-२० मधल्या दर लिहिलेल्या पोस्ट काढून टाका. कुणीतरी तोच फोटो दाखवून त्याच दराने पाईप मागतो आणि काउंटरवर उगाच वाद होतो. दसऱ्याला तराजूची पूजा केलेले, गाडीतून माल उतरवतानाचे फोटो मात्र राहू द्या. दुकान जुनं आहे हे त्यातूनच दिसतं.

आता पहिली पोस्ट. मी ती अशी लिहीन. वेळा आणि जागा तुमच्या घाला:

> पावसाआधी पत्र्याचे स्क्रू, रबर वॉशर आणि ताडपत्री आली आहे. दुकान सकाळी ८.३० ते १.३० आणि दुपारी ३ ते रात्री ८. सोमवारी बंद.
>
> या पेजवर २०२० नंतर काही टाकलं नव्हतं. दुकान मात्र १९८७ पासून त्याच जागी, एस.टी. स्टँडसमोर चालू आहे. काउंटरवर बाबाच आहेत.
>
> काय हवंय त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. आहे की नाही ते त्याच दिवशी कळवू.
>
> तुमच्या घराला पत्रा, कौलं की स्लॅब? खाली एका शब्दात लिहा.

माल आणि वेळ सुरुवातीलाच आहे, कारण मोबाइलवर सुरुवातीच्या थोड्याच ओळी दिसतात. पुढचं See more दाबल्यावर. इतकी वर्षं पेज बंद होतं याबद्दल एक ओळ पुरे. माफी मागायची नाही आणि कारणंही द्यायची नाहीत. शेवटचा प्रश्न मुद्दाम तसा आहे. एका शब्दात उत्तर देता येतं म्हणून लोक लिहितात, आणि तुमच्या भागात पत्रा किती, कौलं किती याचा अंदाज माल मागवतानाही उपयोगी पडतो. लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्याच दिवशी उत्तर द्या, नुसता अंगठा नको. ‘पत्रा’ लिहिणाऱ्याला विचारा, स्क्रू किती वर्षांपूर्वी मारलेत.

फोटो बाबांचा. काउंटरमागे उभे, हातात स्क्रूचा पुडा, मागे खण दिसताहेत असा. सकाळी दुकानात उजेड येतो तेव्हा काढा आणि आधी मोबाइलच्या कॅमेऱ्याची काच पुसून घ्या, हार्डवेअरच्या दुकानात तिच्यावर कायम ग्रीसचा हात लागलेला असतो. बंद शटर आणि वर पाटी असा फोटो टाकू नका, दुकान बंद झालं असं वाटतं. पोस्ट तीन ठिपक्यांतून पिन करा.

‘पुनरागमनानिमित्त १० टक्के सूट’ असलं काही टाकू नका. सिमेंटवर तेवढं सुटतच नाही, आणि एकदा लिहिलं की गवंडी प्रत्येक बिलावर तेच मागतो.

आता ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसलो ते. ‘दरासाठी इनबॉक्स करा’ हे वाक्य पेजवर एकदाही येऊ देऊ नका. या एका मुद्द्यावर आमच्या घरात जुना वाद आहे. दर लिहिला की समोरचा दुकानदार दोन रुपयांनी खाली येतो, असं सांगतात. समोरच्याला तुमचा दर पोस्टशिवायही कळतो, दोघांना माल देणारा विक्रेता एकच असतो. दर न लिहिल्याने अडतं ते गिऱ्हाईक. बारा-पंधरा किलोमीटरवरच्या वाडीतला माणूस एका फ्लोट व्हॉल्व्हसाठी इनबॉक्सात विचारत बसत नाही. तो बाजाराच्या दिवशी येतो आणि ज्याचा दर आधी माहीत आहे त्याच्याकडे जातो. म्हणून फ्लोट व्हॉल्व्ह, बिजागरी, कडी-कोयंडा, टेफ्लॉन टेप, पावडं, घमेलं यांचे दर तारखेसकट लिहा.

महिनाभर आठवड्याला तीन पोस्ट पुरतात. एक बिघाडाची, एक आलेल्या मालाची दरासकट, आणि एक आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी, उद्या काय घ्यायला यावं ते सांगणारी. रोज टाकायचं ठरवलं की दुसऱ्या आठवड्यात सुचत नाही आणि मग ‘शुभ सकाळ’ सुरू होतं. बाबांना लिहायला लावू नका. त्यांनी रविवारी रात्री एक व्हॉइस मेसेज आणि चार फोटो पाठवायचे: या आठवड्यात लोकांनी काय मागितलं, काय चुकीचं नेलं, काय परत आलं. तुम्ही पुण्यात बसून त्याच्या तीन पोस्ट करा आणि Meta Business Suite मध्ये वेळ लावून ठेवा.

पहिला आठवडा पत्र्याचा. बिघाडाच्या पोस्टमध्ये गळतीचं कारण सांगा: स्क्रूखालचं रबर उन्हाने कडक होऊन चिरतं आणि पाणी स्क्रूच्या कडेने आत उतरतं. पत्र्यावर नुसतं सिलिकॉन फासून ते थांबत नाही, कारण गंजावर आणि धुळीवर सिलिकॉन धरत नाही. जुना स्क्रू काढून नव्या वॉशरसकट बसवायचा, भोक मोठं झालं असेल तर एक नंबर जाड घ्यायचा. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा, पाणी वाहतं त्या खोलगट भागात नाही. रबर किंचित फुगेल इतपतच आवळायचा. जास्त आवळला की रबर फाटतं, पत्रा दबतो आणि तिथेच पाणी साचतं. शेजारी दोन वॉशरचा जवळून फोटो टाका, एक चिरलेलं आणि एक नवं. मग हिशोब द्या: एका पत्र्याखाली तीन अँगल आणि प्रत्येक अँगलवर चार स्क्रू धरले तर बारा, वीस पत्र्यांना २४०, पडणारे-वाकणारे धरून २६५ घ्या. असा हिशोब लिहिला की माणूस शंभरचा पुडा नेऊन दुसऱ्या दिवशी परत येत नाही. हे लोखंडी पत्र्यापुरतं आहे हे पोस्टमध्येच लिहा. सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर थेट स्क्रू मारला तर तडा जातो, आणि त्यावर पाय ठेवून चढणं जिवावर बेततं.

दुसरा आठवडा ताडपत्री, पन्हळ आणि पन्हळीच्या पाईपचा. यात सांगण्यासारखं थोडंच: ताडपत्रीचं माप, जाडी आणि दर, आणि दोरी कड्यांतूनच बांधायची, कापडाला भोक पाडून नाही.

तिसऱ्या आठवड्यात पाईपच्या जोडण्या. एकच गोष्ट, पण ती नीट. काउंटरवर सगळ्यात जास्त जोडण्या परत येतात त्या इथे. घरात गरम पाण्याला सीपीव्हीसी असतो, गच्चीवरच्या टाकीपासून बऱ्याचदा यूपीव्हीसी. माणूस येऊन ‘पाऊण इंची एल्बो द्या’ म्हणतो. दोन्ही पाऊण इंचीच, पण सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास साधारण २२ मिलिमीटर आणि यूपीव्हीसीचा साधारण २७, कारण दोघांच्या मापांची पद्धतच वेगळी आहे. एकाची एल्बो दुसऱ्याला बसत नाही आणि सोल्युशनही वेगळं लागतं. दोन्ही पाईपचे तुकडे पट्टीशेजारी ठेवून वरून फोटो काढा. खाली लिहा: ‘पाईपचा बोटभर तुकडा सोबत आणा, किंवा पाईपवर छापलेली अक्षरं दिसतील असा फोटो पाठवा.’ दोन्ही जोडायचे असतील तर एका बाजूला आटे असलेली जोडणी लागते, तीही फोटोत ठेवा. गवंडी आणि प्लंबर आपापल्या ग्रुपवर पुढे पाठवतील ती हीच पोस्ट.

मेच्या मध्यावर सुरू केलंत तर चौथ्या आठवड्यापर्यंत बहुधा पाऊस आलेला असतो. तेव्हा फुगलेले दरवाजे, अडकणारी कुलपं आणि पावड्याचे दांडे. कुलपात खोबरेल तेल घालू नका, ते घट्ट होऊन आत धूळ धरतं. हे सांगितलं तरी एक पोस्ट होते.

मोजायचं कसं, तर लाइक मोजू नका. काउंटरवर वही ठेवा. ‘पेजवर पाहिलं’ म्हणणाऱ्यासाठी किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून आलेल्यासाठी एक रेघ, आणि शेजारी काय नेलं ते. पहिले दोन आठवडे पैसे देऊन कुठलीही पोस्ट जास्त लोकांपर्यंत पोचवू नका. तिसऱ्या आठवड्यात ज्या पोस्टसमोर जास्त रेघा आहेत तिलाच दिवसाला २०० रुपयांप्रमाणे तीन दिवस Boost करा, दुकानावर पिन टाकून १५-२० किलोमीटरच्या आत. जीएसटी वर लागतो हे धरून चला.

दोन गोष्टी वर सांगायच्या राहिल्या. दर लिहा म्हटलं ते स्थिर मालापुरतं. पाईप, सिमेंट, सळई आणि तांब्याची वायर यांचे दर कधी हलतील सांगता येत नाही, तिथे ‘आजचा दर फोनवर’ हेच बरोबर. आणि त्याच दिवशी उत्तर देऊ असं लिहिलंत तर दुपारच्या सुट्टीनंतर फोन बघायची जबाबदारी एका माणसाची ठरवा. WhatsApp Business मध्ये पत्ता, वेळ आणि ‘माल आहे, उद्या या’ ही तीन उत्तरं Quick replies म्हणून साठवा. `/` टाइप केलं की समोर येतात, बाबांना चष्मा शोधावा लागत नाही.

महिना संपला की पहिली पोस्ट पिनवरून काढा आणि पाईपच्या तुकड्यांची लावा. वहीतलं काय संपलं ते बघून जूनअखेर रंग, ब्रश आणि पॉलिश पेपरची मागणी नोंदवा. गणपतीला मुंबईकर यायच्या आधी घरं रंगवायला काढतात, आणि त्या पोस्ट जुलैच्या शेवटच्या आठवड्यापासून सुरू व्हायला हव्यात.